पासपोर्टवर एक शिक्का नाही, तर भारतातले दिवस कसे सिद्ध करायचे?

प्रश्न : ऑगस्ट २०१७ मध्ये नोकरीसाठी दुबईला गेलो. २१ जानेवारी २०२४ ला नोकरी सोडून कायमचा नाशिकला परत आलो. आर्थिक वर्ष २०२३-२४ चं रिटर्न अनिवासी म्हणून भरलं. आता आयकर खात्याची कलम १४२(१) ची नोटीस आली आहे : त्या वर्षाचे आणि आधीच्या चार वर्षांचे भारतातले दिवस पुराव्यासह द्या. मी वर्षात १८२ दिवस राहिलेलोच नाही, मग आधीची चार वर्षं कशाला? जुना पासपोर्ट २०२१ मध्ये बदलला. नव्यावर ८ जुलै २०२२ ला मुंबईहून निघालो त्याचा शिक्का सापडत नाही. सगळ्या फेऱ्यांच्या तारखा सोबत दिल्या आहेत. उत्तर कसं द्यावं?

उत्तर :

सुरुवात त्या १८२ पासूनच करू, कारण तुमच्या उत्तराची दिशा त्यावर ठरते. परदेशात राहणाऱ्या प्रत्येकाला हा आकडा पाठ असतो आणि परत येणारा माणूस नेमका त्याच्याच भरवशावर फसतो.

आयकर कायदा १९६१ च्या कलम ६ मध्ये निवासी ठरण्याच्या दोन कसोट्या आहेत. एक, वर्षात १८२ किंवा अधिक दिवस भारतात. दुसरी, वर्षात ६० किंवा अधिक दिवस भारतात आणि त्याआधीच्या चार वर्षांत मिळून ३६५ किंवा अधिक दिवस. दोन्हींपैकी एक लागू झाली तरी माणूस निवासी. दुसऱ्या कसोटीतल्या ६० च्या जागी १८२ धरण्याची सवलत भारतीय नागरिकाला दोन प्रसंगी मिळते : नोकरीसाठी भारत सोडला त्या वर्षी, आणि परदेशात राहत असताना तो भारतात भेटीला येतो त्या वर्षी. २०२०-२१ पासून या भेटीच्या सवलतीत एक पोटअट आली. परदेशी उत्पन्न सोडून बाकीचं उत्पन्न १५ लाखांच्या वर असेल, तर १८२ ऐवजी १२० धरायचे.

तुम्ही २०१७ मध्ये गेलात तेव्हा पहिली सवलत मिळाली. पुढे दर सुट्टीला दुसरी मिळत गेली. पण २१ जानेवारी २०२४ ला तुम्ही भेटीला आला नव्हता, राजीनामा देऊन, व्हिसा रद्द करून परत आलात. चीनमधली नोकरी सोडून परतलेल्या एका महिलेच्या प्रकरणात अ‍ॅडव्हान्स रुलिंग प्राधिकरणाने २०१४ मध्ये हीच भूमिका घेतली होती : कायमचं परतणं ही भेट नव्हे, म्हणून ६० दिवसांचीच कसोटी. प्राधिकरणाचा निर्णय कायद्याने त्या अर्जदारापुरताच बंधनकारक असे, पण निर्धारण अधिकारी त्याचा आधार घेतात आणि युक्तिवाद म्हणून तो भक्कम आहे. त्यामुळे तुमच्या उत्तरात १८२ वर जोर देऊ नका. दिला, तर अधिकारी तुमचंच राजीनामापत्र दाखवून तो मुद्दा खोडेल, आणि एक मुद्दा खोडला गेला की पुढच्या खऱ्या मुद्द्याकडेही तो संशयाने बघतो.

आता तुमच्या तारखा. २०२३-२४ मध्ये तुम्ही १४ जून ते ९ जुलै आलात, म्हणजे २६ दिवस. गणपतीला १६ ते ३० सप्टेंबर, १५ दिवस. मग २१ जानेवारी ते ३१ मार्च. त्या वर्षी फेब्रुवारी २९ दिवसांचा होता, म्हणून ७१ दिवस. एकूण ११२. साठचा आकडा केव्हाच ओलांडला गेला आहे. नुसते जानेवारीनंतरचे दिवस धरले तरीही तो ओलांडलेला आहे. म्हणजे तुम्ही अनिवासी आहात की नाही, हे पूर्णपणे आधीच्या चार वर्षांच्या बेरजेवर अवलंबून आहे. अधिकाऱ्याने ती वर्षं मागितली ती याचसाठी.

त्या चार वर्षांची बेरीज मी तुमच्या तक्त्यावरून अशी केली आहे. येण्याचा आणि जाण्याचा असे दोन्ही दिवस भारतातले धरले आहेत :

| आर्थिक वर्ष | फेऱ्या | दिवस |
|---|---|---|
| २०१९-२० | ५ जून–४ जुलै. ३१ ऑगस्ट–१४ सप्टेंबर. १–१२ फेब्रुवारी | ५७ |
| २०२०-२१ | १२ जुलै–३ जानेवारी | १७६ |
| २०२१-२२ | ३० ऑक्टोबर–२० नोव्हेंबर. २४ फेब्रुवारी–१० मार्च | ३७ |
| २०२२-२३ | ४ जून–८ जुलै. २९ ऑगस्ट–१२ सप्टेंबर. १७ डिसेंबर–३ जानेवारी | ६८ |

एकूण ३३८. तुम्ही ३६५ च्या खाली आहात आणि मध्ये २६ दिवसांची जागा आहे. आता तुमच्या न सापडणाऱ्या शिक्क्याकडे बघा. ८ जुलै २०२२ ला तुम्ही बाहेर पडल्याचा पुरावा नाही आणि पुढची नोंद थेट २९ ऑगस्टच्या आगमनाची आहे. फक्त पासपोर्ट समोर असलेला अधिकारी काय म्हणेल? ४ जूनला आलेला माणूस निदान ऑगस्टअखेरपर्यंत इथेच होता. ९ जुलै ते २८ ऑगस्ट हे ५१ दिवस तो बेरजेत घालेल. ३३८ अधिक ५१ म्हणजे ३८९, आणि तुम्ही निवासी. पाच वर्षांचा सगळा वाद या एका खिडकीत येऊन थांबतो.

पुढे काय होतं तेही माहीत असू द्या, म्हणजे या ५१ दिवसांवर किती मेहनत घ्यायची ते ठरेल. निवासी ठरूनही काही जण ‘निवासी पण सामान्य निवासी नाही’ या गटात बसतात आणि त्यांचा परदेशातला पगार करातून सुटतो. त्यासाठी आधीच्या १० पैकी ९ वर्षं अनिवासी असावं लागतं, किंवा आधीच्या ७ वर्षांत भारतातले दिवस ७२९ किंवा कमी असावे लागतात. तुम्ही २०१७ मध्ये गेलात, त्यामुळे ९ वर्षं भरत नाहीत. सात वर्षांच्या हिशोबात २०१६-१७ चं अख्खं वर्ष येतं, २०१७-१८ चे जाण्याआधीचे महिने येतात आणि वर हे ३३८. बेरीज ७२९ च्या बरीच पुढे जाते. म्हणजे निवासी ठरलात तर सामान्य निवासीच ठरता. मग एप्रिल ते जानेवारीचा दुबईचा पगार इथे करपात्र होतो, आणि दुबईचं बँक खातं परदेशी मालमत्तेच्या तक्त्यात का दाखवलं नाही हा प्रश्न काळ्या पैशाच्या कायद्याखाली वेगळा उभा राहतो. त्या कायद्यातला दंड १० लाखांचा आहे. जो बारा-पंधरा वर्षं बाहेर राहून आला आहे त्याला हा धोका बहुधा नसतो. सहा-सात वर्षांनी परतणाऱ्याला तो पुरेपूर असतो.

आता पुरावे. एक गोष्ट आधी नीट समजून घ्या : तुम्हाला ‘८ जुलैला भारत सोडला’ एवढंच सिद्ध करायचं नाही. त्या ५१ दिवसांत तुम्ही भारतात नव्हता, हे सिद्ध करायचं आहे. जाण्याचा पुरावा दिला आणि परत कधी आलात ते मोकळं ठेवलं, तर मधल्या काळात आणखी एखादी फेरी झाली असेल अशी शंका उरते. म्हणून खिडकीची दोन्ही टोकं बंद करणारा पुरावा हवा.

तो पुरावा म्हणजे यूएईच्या इमिग्रेशनचा प्रवेश-निर्गमन अहवाल. व्हिसा दुबईचा असेल तर दुबईचं निवास व परदेशी नागरिक व्यवहार खातं, म्हणजे तिकडे सगळे ज्याला जीडीआरएफए म्हणतात ते, हा अहवाल देतं. अबू धाबी, शारजा वगैरे बाकीच्या अमिरातींच्या व्हिसासाठी संघराज्याचं आयसीपी हे प्राधिकरण आहे. व्हिसा रद्द झाल्यावर ऑनलाइन खात्यातून अहवाल निघत नसेल, तर दुबईतल्या एखाद्या सहकाऱ्याला व्हिसाची कामं करणाऱ्या आमेर केंद्रात जाऊन अर्जाची पद्धत आणि लागणारं अधिकारपत्र विचारायला सांगा. हे काम नोटीस आल्याच्या दिवशीच सुरू करा, कारण बाकी सगळं तुमच्या कपाटात आहे आणि हा एकच कागद बाहेरून यायचा आहे. अहवाल मागताना फक्त २०२२ चा मागू नका. १ एप्रिल २०१९ ते ३१ मार्च २०२४ असा पूर्ण मागा. निवडक महिन्यांचा अहवाल दिला की बाकीचे का नाहीत, हा प्रश्न आलाच. तुमच्या जुन्या पासपोर्टवरच्या नोंदी नव्या क्रमांकाखाली दिसत नसतील तर दोन्ही पासपोर्ट क्रमांक आणि एमिरेट्स आयडीचा क्रमांक द्या.

या अहवालात तुम्हाला ९ जुलै २०२२ ला दुबईत प्रवेश दिसला पाहिजे, २८ ऑगस्टच्या रात्री दुबईतून निर्गमन दिसलं पाहिजे, आणि या दोन ओळींच्या मध्ये दुसरी एकही ओळ नसली पाहिजे. ती मधली रिकामी जागा हाच तुमचा पुरावा आहे. दुबई सोडल्याची नोंद नाही म्हणजे तुम्ही नाशिकला असूच शकत नाही.

तारखेत एक दिवसाचा फरक दिसेल, त्याने गोंधळू नका. मुंबईहून रात्री साडेदहाच्या सुमारास निघालेलं विमान तीन-सव्वातीन तासांनी पोचतं. दुबईचं घड्याळ आपल्या दीड तास मागे असल्यामुळे तिथे बारा वाजून गेलेले असतात. म्हणून इकडे ८ जुलै आणि तिकडे ९ जुलै. येतानाही असंच : दुबई २८ ऑगस्टला सुटली, मुंबईचा शिक्का २९ चा. दोन कागदांवर दोन तारखा दिसल्या की विसंगती म्हणून नोंद होते, तेव्हा तक्त्याखाली हे एका वाक्यात स्वतःहून लिहा. इमिग्रेशनचा शिक्का मध्यरात्रीच्या आत आणि उड्डाण मध्यरात्रीनंतर अशी एखादी फेरी असेल, तर उड्डाणाचा दिवस भारतातला धरा. तुमच्याकडे २६ दिवसांची जागा आहे, एका दिवसासाठी भांडायचं कारण नाही.

अहवालाच्या जोडीला विमान कंपनीचा पुरावा लावा, पण त्यात फरक करा. ई-तिकीट म्हणजे तुम्ही प्रवास ठरवला होता, एवढंच. ते रद्दही झालेलं असू शकतं आणि अधिकारी हे बरोबर जाणतात. बोर्डिंग पास त्याहून चांगला, आणि सर्वांत चांगलं म्हणजे त्या तारखेला तुम्ही खरोखर प्रवास केला असं कंपनीने दिलेलं पत्र किंवा ईमेल. जुन्या प्रवासासाठी कंपन्या सहसा हात वर करतात, पण मैल गोळा करण्याच्या योजनेत तुमचं नाव असेल तर त्याचं खातं उघडून बघा. त्यात मैल जमा होतात ते प्रत्यक्ष उडालेल्या प्रवासाचेच, आणि तारीख व मार्ग दोन्ही दिसतात. हा कागद बहुतेकांना आठवतच नाही.

तिसरा थर त्या ५१ दिवसांतल्या दुबईतल्या रोजच्या जगण्याचा. नोकरी होती तिथलं जुलै-ऑगस्ट २०२२ चं हजेरीपत्रक किंवा रजेचा तपशील मागवा. कंपनीच्या मनुष्यबळ विभागाने ‘४ जून ते ८ जुलै रजा, ११ जुलैपासून कामावर हजर’ असं लेटरहेडवर दिलं तर उत्तम. बँकेच्या स्टेटमेंटमधून दुबईतल्या दुकानात, पेट्रोल पंपावर, एटीएमवर प्रत्यक्ष कार्ड वापरल्याच्या ओळी अधोरेखित करा. घरभाडं, वीजबिल, ऑनलाइन खरेदी, पगार जमा होणं यांना इथे फारसं वजन नाही. तो व्यवहार नाशिकला बसूनही होतो. पंधरा पानांचं स्टेटमेंट जोडण्यापेक्षा आठवड्याला एक याप्रमाणे ठिकाणासह सात-आठ नोंदी दाखवणं जास्त परिणामकारक असतं.

आणि हे सगळं करण्याआधी पासपोर्टची पानं पुन्हा एकदा उजेडात धरून बघा. काउंटरवरचा माणूस क्रमाने शिक्के मारत नाही. जिथे पान उघडलं तिथे, दुसऱ्या शिक्क्यावर, व्हिसाच्या पानाच्या कोपऱ्यात, अगदी शेवटच्या पानावरही तो असतो. पुसट शिक्का रंगीत स्कॅनमध्ये मोठा करून पाहिला की तारीख कळते. दुबईच्या बाजूला शिक्के शोधू नका. तिथला रहिवासी स्मार्ट गेटमधून जातो आणि शिक्का बसतच नाही. एप्रिल २०२२ पासून तर निवासी व्हिसाचं स्टिकर लावणंही बंद झालं, एमिरेट्स आयडीच पुरतं. इकडेही आता जलद इमिग्रेशनची ई-गेट सुरू झाली आहेत, पहिली २०२४ मध्ये दिल्लीला आणि पुढच्या वर्षी मुंबईसह इतर विमानतळांवर. म्हणजे शिक्का नसणं यापुढे वाढतच जाणार. जे अजून बाहेर आहेत त्यांनी प्रत्येक फेरीचा बोर्डिंग पास फोटो काढून एका फोल्डरमध्ये ठेवावा.

जुना पासपोर्ट दुबईच्या वाणिज्य दूतावासाने कोपरा कापून, रद्दचा शिक्का मारून परत दिलेला असेल. तो शोधा. २०१९-२० आणि २०२०-२१ या दोन वर्षांचा सगळा भार त्यावर आहे. दोन्ही पासपोर्टची सर्व पानं स्कॅन करा, कोरी पानंसुद्धा. पानं गाळलेली दिसली की त्या पानांवरच काहीतरी आहे असं वाटतं. प्रत्येक स्कॅनवर पान क्रमांक लिहा, म्हणजे तक्त्यात ‘पासपोर्ट २, पान १४’ असा नेमका संदर्भ देता येतो.

कोविडच्या वर्षाबद्दल थोडं जास्त लिहितो, कारण तुमच्या ३३८ पैकी निम्म्याहून अधिक दिवस तिथले आहेत. ‘कोविडमध्ये अडकलो ते दिवस धरायचे नसतात’ असा समज पसरलेला आहे. केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळाने मे २०२० च्या परिपत्रकात जी सूट दिली, ती २०१९-२० या वर्षाचा निवासी दर्जा ठरवण्यापुरती होती आणि तीही २२ मार्च २०२० आधी भेटीला येऊन अडकलेल्यांना. २०२०-२१ साठी मंडळाने मार्च २०२१ मध्ये परिपत्रक काढलं, पण सरसकट दिवस वगळण्याची सवलत दिली नाही. तुम्ही जुलै २०२० ला आलात, म्हणून १७६ चे १७६ दिवस मोजा. ते कमी दाखवण्याचा प्रयत्न केला तर बाकीच्या तक्त्यावरचा विश्वास उडेल. शिवाय त्याची गरजही नाही.

दोन्ही दिवस मोजायचे की एक, हाही वाद जुना आहे. अ‍ॅडव्हान्स रुलिंग प्राधिकरणाने नव्वदच्या दशकात येण्याचा आणि जाण्याचा असे दोन्ही दिवस भारतातले धरले. पुढे बंगळुरूच्या आयकर अपिलीय न्यायाधिकरणाने येण्याचा दिवस वगळला. तुमच्या चार वर्षांत नऊ फेऱ्या आहेत, म्हणजे तो निर्णय लावला तर ३३८ चे ३२९ होतात. पण ३३८ सुद्धा ३६५ च्या आतच आहे, म्हणून मुख्य तक्ता दोन्ही दिवस धरूनच द्या. खाली एक ओळ लिहा की येण्याचा दिवस वगळण्याचा मुद्दा आम्ही राखून ठेवत आहोत. स्वतःच्या विरुद्ध मोजून दाखवलेला हिशोब अधिकारी सहसा तपासत बसत नाही. तुमची बेरीज ३७० च्या आसपास असती तर मात्र मी हाच मुद्दा पहिल्या परिच्छेदात मांडला असता.

तक्ता एक्सेलमध्ये करा आणि दिवसांसाठी साधं सूत्र वापरा :

```
=C2-B2+1
```

B मध्ये आगमन, C मध्ये प्रस्थान. शेवटचा अधिक एक विसरला की प्रत्येक फेरीत एक दिवस कमी पडतो. तारीख टाइप करताना महिना अक्षरात लिहा. 04/06/2022 हे काही संगणक ६ एप्रिल समजतात, आणि मग ३५ दिवसांची फेरी ९४ दिवसांची होऊन बसते. एखादी फेरी ३१ मार्च ओलांडत असेल तर तिच्या दोन ओळी करा. तुमच्या तक्त्यात तशी एकही नाही. प्रत्येक ओळीपुढे पुराव्याचा पान क्रमांक द्या.

रिटर्न भरताना आयटीआर-२ मध्ये त्या वर्षाचे आणि आधीच्या चार वर्षांचे दिवस भरायची जागा होती. तिथे काय भरलं होतं ते आत्ताच काढून बघा. तिथे १०० आणि ३०० असे गोल आकडे टाकले असतील आणि आता ११२ आणि ३३८ देत असाल, तर फरक का आहे ते स्वतःहून सांगा : तेव्हाचे अंदाजे होते, आता पासपोर्ट आणि यूएईच्या अहवालावरून मोजले आहेत, आणि दोन्ही आकड्यांनी निष्कर्ष तोच राहतो. अधिकाऱ्याने तो फरक आधी शोधला, तर हेच वाक्य सारवासारव वाटतं.

उत्तर इंग्रजीत द्या, तीन-चार पानांत. माझा मसुदा साधारण या वळणाने जातो. पहिल्या परिच्छेदात वस्तुस्थिती, काही न लपवता : करदाता २०१७ पासून दुबईत नोकरीला होता आणि २१ जानेवारी २०२४ रोजी कायमचा परतला. दुसऱ्यात कसोटी : या परतण्याला भेट म्हणून १८२ दिवसांची सवलत आम्ही मागत नाही. ६० दिवसांची अट पूर्ण झाली हे मान्य आहे, पण आधीच्या चार वर्षांतलं वास्तव्य ३३८ दिवस, म्हणजे ३६५ पेक्षा कमी असल्याने ही कसोटी लागू होत नाही, आणि वर्षातलं वास्तव्य ११२ दिवस असल्याने पहिलीही नाही. तिसऱ्यात तक्ता. चौथ्यात ८ जुलै २०२२ बद्दल वेगळा मजकूर : या प्रस्थानाचा शिक्का पासपोर्टवर दिसत नाही, तरी सोबतचा यूएईचा अहवाल, विमान कंपनीची नोंद, कार्यालयाचं हजेरीपत्रक आणि कार्डाच्या नोंदी यांवरून ९ जुलै ते २८ ऑगस्ट करदाता भारताबाहेर होता हे दिसतं. त्रुटी आपणच दाखवली की तिचा शोध लावल्याचा मुद्दा कारणे दाखवा नोटिशीत येत नाही.

पाचव्या परिच्छेदातली विनंती महत्त्वाची आहे. भारताच्या इमिग्रेशनकडे तुमची प्रत्येक ये-जा संगणकात नोंदलेली असते, शिक्का बसो वा न बसो. तुम्हाला ती माहिती अधिकारात मिळणं अवघड, कारण इमिग्रेशन ब्युरो गुप्तचर विभागाच्या अखत्यारीत येतो आणि त्या विभागाला माहिती अधिकार कायद्याच्या कलम २४ नुसार सूट आहे. अधिकाऱ्याला मात्र आयकर कायद्याच्या कलम १३३(६) खाली ती मागवता येते. म्हणून लिहा : शंका राहिल्यास ८ जुलै २०२२ च्या प्रस्थानाची नोंद इमिग्रेशन ब्युरोकडून मागवावी, आणि ती न मागवता केवळ शिक्का नाही म्हणून प्रतिकूल निष्कर्ष काढू नये. ही विनंती लेखी नोंदीत असली आणि अधिकाऱ्याने तिच्याकडे दुर्लक्ष केलं, तर अपिलात तुमच्या बाजूचा तो मोठा मुद्दा होतो. पण ती करण्याआधी तुमची प्रत्येक तारीख तुम्ही स्वतः दोनदा तपासलेली हवी, कारण आलेली नोंद तुमच्या तक्त्याशी जुळवली जाणारच.

यूएईचं कर-निवासी प्रमाणपत्र मिळत असेल तर तेही घ्या, पण त्याची जागा ओळखा. कलम ६ चा दर्जा त्याने ठरत नाही. शिवाय भारत-यूएई कराराची १८३ दिवसांची अट कॅलेंडर वर्षाची आहे, आपलं वर्ष एप्रिल ते मार्च. निवासी ठरवलंच गेलं तर करारातून दुहेरी निवासाचा वाद मांडताना ते लागेल. तो शेवटच्या परिच्छेदातला पर्यायी मुद्दा, आणि बायको-मुलं नाशिकलाच राहत होती का, घर कुठे होतं, यावर त्याची ताकद अवलंबून राहील. दुबईचा पगार आधी दुबईच्या खात्यात जमा होऊन मग इकडे आला, हेही स्टेटमेंटवरून दाखवून ठेवा. पगार थेट भारतातल्या खात्यात जमा होत असता, तर अनिवासी असूनही ‘भारतात मिळालेलं उत्पन्न’ असा वेगळाच वाद उभा राहिला असता.

उत्तर पोर्टलवर e-Proceedings मध्ये त्याच नोटिशीखाली द्यायचं. यूएईचा अहवाल मुदतीत येत नसेल तर मुदतवाढ मागा, आणि त्याच वेळी तक्ता व पासपोर्ट अंशतः उत्तर म्हणून देऊन टाका. गप्प राहू नका. नोटिशीला उत्तर न दिल्याचा १०,००० रुपयांचा दंड हा त्यातला लहान भाग आहे. खरी अडचण म्हणजे कलम १४४ खाली अधिकारी स्वतःच्या अंदाजाने निर्धारण करू शकतो, आणि त्या अंदाजात ते ५१ दिवस हमखास येतात. स्कॅन एका मोठ्या फाइलमध्ये न घालता नावं देऊन वेगळे चढवा : उत्तर, तक्ता, पासपोर्ट १, पासपोर्ट २, यूएई अहवाल, जुलै २०२२ चे पुरावे. पोचपावती डाउनलोड करून ठेवा.

यानंतरही कारणे दाखवा नोटीस आली, तर तिच्यात दिवसांचा एकच एकत्रित आकडा असतो. तो ३८९ असेल तर समजा की अहवाल वाचलाच गेला नाही. दुसरा काही असेल तर फेरीवार फोड मागा आणि तुमच्या तक्त्याशी ओळीला ओळ लावा. फरक जवळजवळ नेहमी एखाद्याच ओळीत सापडतो. त्याच उत्तरात व्हिडिओ सुनावणीही मागा. सुनावणीत यूएई अहवालातल्या त्या दोन ओळी पडद्यावर दाखवून मधली रिकामी जागा समजावून सांगायला पाच मिनिटं पुरतात.

आणि हातात असलेला कुठलाही पुरावा अपिलासाठी राखून ठेवू नका. निर्धारणाच्या वेळी देता आला असता असा कागद अपिलात पहिल्यांदा दिला, तर नियम ४६अ खाली आधी तो का दिला नाही याचं समाधानकारक कारण द्यावं लागतं, आणि आयुक्त (अपील) तो स्वीकारतीलच असं नाही. यूएईचा अहवाल उशिरा आला तरी आदेश निघेपर्यंत तो पोर्टलवर चढवता येतो, फक्त आधीच्या उत्तरात ‘मागवला आहे, येताच सादर करू’ असं लिहून अर्जाची पावती जोडलेली हवी.